‘ग्राहक उपलब्ध नाही’: घोडबंदर रोडच्या एका चिडलेल्या चॅटचं प्रकरण

ऐरोलीच्या ज्या सपोर्ट सेंटरमध्ये मी संध्याकाळच्या पाळीची सुपरवायझर आहे, तिथे ऑनलाइन विकल्या गेलेल्या मोठ्या घरगुती वस्तूंच्या तक्रारी येतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही. माल भिवंडीच्या गोदामातून, म्हणजे हबमधून, निघतो, टेम्पो आणि माणसं कंत्राटदाराची, आणि ग्राहक बोलतो ते आमच्याशी. खाली दिलेलं प्रकरण एका शुक्रवार संध्याकाळचं आहे. ग्राहकाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ते मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत होते, इथे ते देवनागरीत दिलं आहे.

फ्रिज गुरुवारी दुपारी २ ते ६ या वेळात यायचा होता. आला नाही. ५:५० ला फोनवर मेसेज आला: ‘आम्ही डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ त्यांनी त्याच रात्री चॅट केलं. आमच्याकडच्या एकाने ‘उद्या नक्की येईल सर’ असं लिहिलं, पुढच्या खरेदीवर ५०० रुपयांचं कूपन दिलं आणि चॅट बंद केलं. शुक्रवारी वेळ दुपारी १२ ते ४ दिली होती. ४:१८ ला पुन्हा तोच मेसेज.

६:४२ ला त्यांनी हे लिहिलं:

“दोन दिवस रजा टाकून घरात बसलोय. काल पण कस्टमर नॉट अव्हेलेबल, आज पण तेच. मी काय भूत आहे का घरात? आईचं इन्सुलिन दोन दिवस शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये आहे. ऑर्डर कॅन्सल करा आणि पैसे आत्ताच्या आत्ता परत करा, नाहीतर कन्झ्युमर कोर्टात खेचतो आणि सगळीकडे लिहितो. फ्रॉड लोक आहात तुम्ही. आणि ते पाचशेचं कूपन तुम्हालाच ठेवा.”

चॅट ज्या मुलीकडे गेलं तिच्याकडे त्याच वेळी आणखी दोन चॅट चालू होती. तीन चॅट एकदम सांभाळायची म्हणजे तयार उत्तरांवर हात जातोच. तिने साठ्यातलं उत्तर टाकलं:

“आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या नोंदीनुसार डिलिव्हरी पार्टनरने आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, परंतु आपण उपलब्ध नव्हता. कृपया आपला ऑर्डर क्रमांक व नोंदणीकृत मोबाइल क्रमांक द्यावा.”

या तीन वाक्यांनी ग्राहकाचा पारा कुठे गेला असेल ते सांगायला नको. पण प्रत्येक वाक्य वेगळ्या कारणाने बोचतं, म्हणून जरा थांबून बघू. पहिलं वाक्य कोणालाही लिहिता आलं असतं, त्यात फ्रिजही नाही आणि इन्सुलिनही नाही. दुसरं वाक्य सर्वांत वाईट. ग्राहक ज्या गोष्टीबद्दल भांडतोय तीच गोष्ट ‘आमच्या नोंदीनुसार’ म्हणत त्याच्या तोंडावर परत मारली आहे. नोंद खरी की खोटी हे बघण्याआधीच आपण नोंदीच्या बाजूने उभे राहिलो. तिसऱ्या वाक्याचं तर हसूच येतं. ते ऑर्डरच्या पानावरून चॅटमध्ये आले होते, ऑर्डर क्रमांक, मोबाइल नंबर आणि गुरुवारचं अख्खं चॅट उजवीकडच्या पट्टीत उघडं होतं. ज्याला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली आहे त्याला तिसऱ्यांदा ‘तुम्ही कोण?’ विचारल्यासारखं झालं.

उत्तर आलं ते एका शिवीने सुरू होणारं. पुढे “तुमच्या नोंदी घाला चुलीत. माझ्या फोनवर एक कॉल नाही दिवसभरात. स्क्रीनशॉट पाठवू?”

मुलीने हात वर केला. “ताई, हा माणूस ऐकूनच घेत नाहीये.” मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि तिची बाकीची दोन चॅट दुसऱ्यांकडे दिली. हे आधी करावं लागतं. तीन खिडक्यांमध्ये उड्या मारत चिडलेल्या माणसाला नीट उत्तर लिहिता येत नाही, मग शब्द कितीही गोड असोत.

आधी आम्ही त्यांचा पहिला मेसेज पुन्हा वाचला, काहीही टाइप न करता. रागाच्या मेसेजमध्ये मोठ्या आवाजाची वाक्यं असतात आणि त्यांच्यामध्ये एखादं साधं वाक्य दडलेलं असतं. इथे मोठा आवाज कोर्टाचा, फ्रॉडचा, कॅन्सलचा. साधं वाक्य इन्सुलिनचं. त्या वाक्याला उद्गारचिन्ह नाही, धमकी नाही, आणि खरी चिंता तीच. दोन दिवस शेजाऱ्यांचं दार वाजवायला लागतंय, याची लाजही त्यात असावी. नवीन माणूस उत्तर देतो ते धमकीला, कारण भीती तिची वाटते.

दुसरी गोष्ट, त्यांची मागणी. ते ‘कॅन्सल करा’ म्हणत होते, पण ज्याच्या घरी फ्रिज बंद पडलाय आणि आईचं औषध आहे, त्याला फ्रिज हवा असतो. ऑर्डर रद्द झाली की दुसरीकडे नव्याने मागवायचा आणि पुन्हा वाट बघायची. म्हणजे मागणी मनापासूनची असली तरी तिने त्यांचा प्रश्न सुटणार नव्हता. हे त्यांना आपण सुनवायचं नाही. दोन्ही मार्ग खऱ्या परिणामांसकट समोर ठेवले की माणूस स्वतः ठरवतो.

शिवीचं काय? आमच्याकडे नियम असा की शिवी थेट एजंटला असेल तर एकदा सभ्य शब्दांत ताकीद द्यायची आणि पुन्हा झालं तर चॅट सुपरवायझरकडे घ्यायचं. ही शिवी परिस्थितीला होती, मुलीला नव्हती. मी म्हटलं सोडून दे. अशा वेळी भाषेवरून टोकलं की संभाषणाचा विषय फ्रिजवरून भाषेवर जातो, आणि मग ग्राहक त्यावरही भांडतो. तिला उद्देशून असती तर मी स्वतः ते चॅट घेतलं असतं.

६:५६ ला आम्ही हे पाठवलं:

“तुमचे दोन्ही मेसेज आणि कालचं चॅट वाचलं. काल २ ते ६ आणि आज १२ ते ४ तुम्ही रजा घेऊन घरी थांबलात, आणि दोन्ही दिवस ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा मेसेज आला. आईंचं इन्सुलिन शेजारी ठेवावं लागलंय. स्क्रीनशॉटची गरज नाही, कॉलची आणि गाडीची नोंद मीच उघडून बघते. ७:०२ पर्यंत इथेच लिहिते.”

यात माफी नाही. मुलीने विचारलंच, “सॉरी नको का?” माझं म्हणणं असं की तोवर आपल्याला माफी कशाची मागायची हेच माहीत नव्हतं. आधीच्या उत्तरात एकदा मोघम दिलगिरी येऊन गेली होती, दुसऱ्यांदा मोघम लिहिली तर तिची किंमत आणखी उतरते. ‘घरी थांबलात’ हे मात्र मुद्दाम सरळ लिहिलं. ‘तुम्ही घरी होतात असं तुमचं म्हणणं आहे’ या वाक्याला वकिली वास येतो. ग्राहक घरी होता हे मान्य करून चालल्याने कंपनीचं काही जात नाही. ड्रायव्हर खोटं बोलला असं आपण म्हटलेलंच नाही.

आणि ७:०२ ही वेळ. ‘दोन मिनिटं द्या’ हे चॅटमधलं सर्वांत स्वस्त वाक्य आहे, कारण ती दोन मिनिटं कधीच दोन नसतात. नोंद उघडायला किती वेळ लागतो ते मुलीला माहीत होतं: साधारण चार मिनिटं. आम्ही सहा घेतली आणि घड्याळाची वेळ लिहिली.

नोंदी कुठे असतात हे इथे सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरलं. डिलिव्हरीवाला ग्राहकाला स्वतःच्या नंबरवरून फोन करत नाही. अॅपमधलं बटण दाबतो, मधला एक नंबर दोघांना जोडतो, त्यामुळे कोणालाच कोणाचा नंबर दिसत नाही आणि प्रत्येक कॉलची वेळ व किती सेकंद वाजला ते नोंदलं जातं. त्याचप्रमाणे शेरा टाकताना फोन कुठे होता तेही नोंदलं जातं. मात्र एजंटच्या मुख्य पानावर दिसतो तो फक्त शेरा: ‘ग्राहक उपलब्ध नाही’. कॉल आणि ठिकाण बघायला आणखी दोन पानं आत जावं लागतं. त्यामुळे बहुतेक एजंट शेऱ्यावरच विश्वास ठेवून मोकळे होतात. खरं तर शेरा ही एका माणसाने निवडलेली गोष्ट आहे. कॉलची नोंद आणि ठिकाण यंत्राने टिपलेलं असतं. दोन्ही वेगळं सांगत असतील तर शेरा पुरावा म्हणून वापरायचा नाही, हे तरी नक्की.

आजच्या नोंदीत १२ ते ४:१८ या वेळात एकही कॉल नव्हता. शेरा पडला तेव्हा टेम्पो कापूरबावडीजवळ होता. भिवंडीहून काशेळी, बाळकूम करत आलेली गाडी तिथूनच घोडबंदर रोडला लागते. ग्राहकाची सोसायटी त्याच्या बऱ्याच पुढे, वाघबीळच्या बाजूला. गाडी गेटपर्यंत गेलीच नव्हती.

कालची नोंद उघडत नव्हती. आदल्या दिवशीच्या फेऱ्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे होत्या आणि त्यांची नोंद हबकडून मागवावी लागते.

७:०१ ला गेलेलं उत्तर:

“नोंदी बघितल्या. आज १२ ते ४:१८ मध्ये आमच्याकडून तुमच्या नंबरवर एकही कॉल गेलेला नाही. ४:१८ ला ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं टाकलं तेव्हा गाडी कापूरबावडीजवळ होती, तुमच्या सोसायटीपर्यंत आलेली नव्हती. म्हणजे आज तुम्हाला गेलेला मेसेज चुकीचा होता. आणि मघाशी मी तोच मेसेज तुम्हाला पुन्हा सांगितला, न तपासता. दोन्हींबद्दल माफी मागते. कालची नोंद अजून हाती आलेली नाही, म्हणून कालचं आत्ता काही सांगत नाही.”

आता माफी नेमक्या गोष्टीची झाली. या मेसेजमध्ये एक वाक्य गाळायचा मोह होतो, ते म्हणजे शेवटचं. ग्राहक निवळतोय असं वाटत असताना ‘दोन्ही दिवस आमचीच चूक’ असं लिहून टाकलं की तो आणखी निवळेल, असं मुलीला वाटलं. मी नाही म्हटलं. जे बघितलं तेवढंच लिहायचं. चॅटचा प्रत्येक शब्द ग्राहकाकडे राहतो आणि उद्या तक्रारीला जोडला जातो.

आणखी एक गोष्ट आम्ही लिहिली नाही: वाहतूक. कापूरबावडीला टेम्पो का अडकला असेल याचा अंदाज ठाण्यातलं शेंबडं पोरही करील. पण घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला ‘ट्रॅफिकमुळे उशीर झाला’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तो त्याच रस्त्यावरून रोज कामाला जातो, आणि तरीही वेळेवर पोचायला त्याला सांगितलेलं असतं. शिवाय प्रश्न उशिराचा नव्हता. उशीर झाला असताना ‘तुम्हीच घरी नव्हता’ असं कळवलं गेलं, हा प्रश्न होता.

ग्राहकाचं उत्तर लगेच आलं. “म्हणजे ड्रायव्हर खोटं बोलला. काढून टाका त्याला.”

इथे दोन्ही बाजूंनी पाय घसरतो. ‘हो सर, आम्ही कडक कारवाई करू’ हे तयार उत्तर साठ्यात आहे, आणि ते पाळलं जाणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. उलट ड्रायव्हरची बाजू घेतली तर आत्ता कमावलेलं घालवतो. मुलीने स्वतः लिहिलं, मी फक्त एक शब्द बदलला:

“हा शेरा असा का पडला ते हबला लेखी विचारते, तक्रारीच्या नोंदीत तो प्रश्न टाकला आहे. ड्रायव्हरशी मी बोललेले नाही, म्हणून त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. मेसेज चुकीचा होता हे मात्र वर लिहून दिलंय.”

मग लगेच, त्यांनी काही लिहायच्या आत, पुढची वाट:

“आता फ्रिजचं. दोन मार्ग आहेत.
एक, ऑर्डर आत्ता रद्द करते. पैसे त्याच कार्डावर ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत येतील. आज रात्री येणार नाहीत.
दोन, उद्या सकाळच्या पहिल्या फेरीत पाठवता येईल का ते हबला विचारते. ते हो म्हणतील का, मला माहीत नाही. ८:१५ ला तुम्हाला कळवते. उत्तर नाही असलं तरी ८:१५ ला मेसेज येईल, आणि तेव्हाही ऑर्डर रद्द करता येईल.
कोणता?”

या उत्तरात ‘नक्की’ हा शब्द नाही. गुरुवारी तो वापरून झाला होता. वचन दिलं ते फक्त ८:१५ च्या मेसेजचं, कारण तेवढंच तिच्या हातात होतं. ऐरोलीत बसलेली मुलगी भिवंडीतला टेम्पो हलवू शकत नाही. ती फोन करू शकते आणि ठरल्या वेळी खरं काय ते लिहू शकते. ‘प्रयत्न करते’ असं म्हणणं आणि ‘८:१५ ला लिहिते’ असं म्हणणं यातला फरक ग्राहकाला घड्याळ बघून तपासता येतो.

पैशांचा शब्दही आम्ही काढला नाही. आदल्या रात्रीचं ५०० रुपयांचं कूपन त्यांना अपमान वाटलं होतं, कारण ते चौकशीच्या आधी आलं. पुढच्या खरेदीवरचं कूपन म्हणजे ज्याला ही खरेदीच जड झाली आहे त्याला आणखी एकीचं आमंत्रण. भरपाई द्यायची तर नंतर, आणि रोख.

चार मिनिटं काहीच नाही. चॅटमधली शांतता फसवी असते. माणूस शांत झालाय, की दुसऱ्या खिडकीत आपल्याबद्दल लिहितोय, हे पडद्यावरून कळत नाही. त्यात आमच्या प्रणालीत ग्राहक दहा मिनिटं गप्प राहिला की चॅट आपोआप बंद होतं आणि त्याला ‘आमच्या सेवेला रेटिंग द्या’ असा हसरा मेसेज जातो. या क्षणी तो गेला असता तर सगळं मुसळ केरात. म्हणून मुलीने चॅट राखून ठेवलं, तक्रार क्रमांक दिला आणि लिहिलं की खिडकी बंद झाली तरी ८:१५ चा मेसेज फोनवर येईल.

७:११ ला आलं: “दोन. पण ८:१५ म्हणजे ८:१५. आणि कन्झ्युमर कोर्टाचं मी मस्करीत बोललो नव्हतो.”

कोर्टाच्या धमकीला आमच्याकडे दोन चुकीची उत्तरं दिली जातात. एक म्हणजे न ऐकल्यासारखं करणं, दुसरं म्हणजे ‘तसं करू नका सर’ अशी गयावया. ग्राहकाला तो हक्कच आहे आणि तो सांगताना आपला आवाज बदलायचं कारण नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुलीने एवढंच लिहिलं:

“समजलं. तक्रार निवारण अधिकाऱ्यांचा ईमेल खाली देते, पोच ४८ तासांत मिळायला हवी. हे चॅट डाउनलोड करायचं बटण वर उजवीकडे आहे. मी हबला फोन लावते.”

‘चॅट डाउनलोड करा’ असं आपणच सांगायचं, यावर नंतर टीममध्ये वाद झाला. काहींच्या मते हे ग्राहकाच्या हातात काठी देणं आहे. माझ्या मते काठी त्याच्याकडे होतीच, स्क्रीनशॉट प्रत्येकाला काढता येतो. आपण ती लपवत नाही एवढंच त्याला दिसलं. हा वाद अजून मिटलेला नाही.

आता ८:१५. हबच्या सुपरवायझरने फोन उचललाच नाही. संध्याकाळी गाड्या परत येतात, उरलेला माल मोजला जातो, तिथे फोन ऐकूही येत नाही. ८:१० पर्यंत तीन फोन झाले. मुलगी म्हणाली, पाच मिनिटं आणखी थांबू, उत्तर आलं की एकदमच लिहू. वचन मोडतं ते इथेच. नाही म्हणायला जड जातं, पण ‘अजून माहीत नाही’ म्हणायला त्याहून जड जातं, म्हणून माणूस गप्प बसतो आणि वेळ टळते. ८:१४ ला पाठवलं:

“हबमध्ये तीनदा फोन केला, अजून उचललेला नाही. म्हणजे आत्ता माझ्याकडे हो पण नाही आणि नाही पण नाही. त्यांच्या दुसऱ्या नंबरवर प्रयत्न चालू आहे. पुढचा मेसेज ८:४५ ला. थांबायचं नसेल तर ‘रद्द’ एवढंच लिहा, लगेच रद्द करते.”

हातात काही नसलेला मेसेज, आणि याच मेसेजला ते पहिल्यांदा साध्या आवाजात बोलले: “ठीक आहे मॅडम. पण ८:४५ च्या पुढे नाही.”

राग उतरतोय हे कशावरून कळतं? ‘तुम्ही लोक’ चं ‘मॅडम’ झालं. मेसेज लहान झाले. ‘असं का केलंत’ जाऊन ‘कधी’ आलं. याउलट ‘ओके’, ‘बरं’, ‘चालेल’ अशी एका शब्दाची उत्तरं लागोपाठ आली तर मी सावध होते. बऱ्याचदा तो माणूस आपल्याशी बोलणं सोडून द्यायच्या बेतात असतो.

हबमधून उत्तर आलं ८:३१ ला: शनिवारी पहिली फेरी, ९ ते ११. मुलीचा हात तेच टाइप करायला गेला. मी तिला आधी ग्राहकाला एक प्रश्न विचारायला लावला. त्या बाजूच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये टेम्पो आत सोडायला गेटवर आधी नोंद लागते आणि अवजड सामानाची लिफ्ट ठराविक वेळातच मिळते. तिने विचारलं. उत्तर आलं: “शनिवारी सामानाची लिफ्ट १० ते १ च.” म्हणजे टेम्पो ९:१५ ला पोचला असता तर वॉचमनने थांबवला असता, ड्रायव्हर पुढच्या पत्त्यावर निघून गेला असता, आणि तिसऱ्यांदा तोच शेरा पडला असता. हबला सांगून वेळ १० ते १२ केली.

८:४३ चा मेसेज:

“हबने होकार दिला. उद्या, शनिवार, सकाळी १० ते १२, तुमच्या लिफ्टच्या वेळेत. गाडीचा नंबर ८:३० पर्यंत मेसेजने येईल, तो गेटवर नोंदवा. उद्या तुमच्या ऑर्डरवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ टाकायच्या आधी हबने आम्हाला फोन करायचा, असं नोंदवलं आहे.
एक गोष्ट आत्ताच सांगते. फ्रिज आल्या आल्या सुरू करायचा नसतो, पुस्तिकेत दिलेला वेळ उभा ठेवावा लागतो, आणि सुरू केल्यावर नीट थंड व्हायलाही काही तास जातात. म्हणून उद्याची रात्र तरी इन्सुलिन शेजारीच राहू द्या. ते कसं आणि किती दिवस ठेवायचं याबद्दल शंका असेल तर केमिस्टना विचारा, ते मी सांगू शकत नाही.”

शेवटचा परिच्छेद कोणी मागितला नव्हता. पण तो नसता तर शनिवारी दुपारी फ्रिज घरात येऊनही औषध ठेवता येत नाही म्हणून तिसरं चॅट सुरू झालं असतं. औषधाबद्दल आपण सल्ला द्यायचा नाही ही मर्यादाही त्यातच सांगून झाली.

त्यांनी लिहिलं, “शेजारच्या काकू काही बोलत नाहीत हो, पण आपल्यालाच कसंतरी वाटतं.” मुलीने याला फक्त “खरंय” म्हटलं. तिथे आणखी काही लिहिण्यासारखं नव्हतं.

राहिली नोंद. मुलीची पाळी नऊला संपणार होती आणि दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी. सकाळच्या माणसासाठी तिने तक्रारीच्या नोंदीत लिहिलं: ‘दोन फेऱ्या फसल्या. शुक्रवारचा शेरा चुकीचा, कॉल शून्य, गाडी कापूरबावडीला, हे ग्राहकाला लेखी सांगितलं आहे. गुरुवारची नोंद हबकडून यायची आहे, त्याबद्दल काही कबूल केलेलं नाही. शनिवार १० ते १२, लिफ्ट १० ते १. ८:३० ला गाडी नंबर पाठवायचा. घरात इन्सुलिन. पुन्हा काहीही विचारू नये, सगळं इथे आहे. कूपनचा विषय काढू नये.’

शनिवारी फ्रिज १०:५० ला घरात गेला. सकाळच्या माणसाने दुपारी फोन करून खात्री केली आणि डिलिव्हरीचे घेतलेले ४९९ रुपये कार्डावर परत करत असल्याचं सांगितलं. ग्राहकाने आम्हाला पाचपैकी दोन गुण दिले. मुलीचा चेहरा उतरला, पण दोन दिवसांची रजा गेलेल्या माणसाने दोन दिले ते मला ठीकच वाटलं. तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे त्यांनी ईमेल केला नाही.

गुरुवारची नोंद सोमवारी आली. गुरुवारी एक कॉल गेला होता, ५:४७ ला, नऊ सेकंद वाजलेला. गाडी सोसायटीच्या गेटजवळ पोचली होती. म्हणजे गुरुवारचं आणि शुक्रवारचं प्रकरण एक नव्हतं, आणि ‘दोन्ही दिवस कॉलच नाही’ असं आम्ही शुक्रवारी लिहून दिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. अर्थात नऊ सेकंदांनंतर निघून जाणं बरोबर होतं असं नाही. सकाळच्या माणसाने ते जसंच्या तसं ग्राहकाला कळवलं. ते म्हणाले, हो, एक अनोळखी नंबर होता, कट झाला.

शुक्रवारच्या ड्रायव्हरलाही हबने विचारलं. त्याचं म्हणणं असं की चार वाजून गेले होते, पोचणं शक्य नव्हतं, आणि फेरी बंद करायची तर अॅपमध्ये एक कारण निवडावंच लागतं. यादीत होतं: ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘पत्ता चुकीचा’, ‘ग्राहकाने नकार दिला’, ‘माल खराब’. ‘आम्ही पोचलो नाही’ हे कारण यादीत नव्हतंच. त्याने पहिलं निवडलं.

आम्ही तो पर्याय यादीत घालून घेतला, आणि एजंटच्या मुख्य पानावर शेऱ्याच्या शेजारीच कॉलची संख्या दिसेल असं करून घेतलं. दुसऱ्या बदलाचा उपयोग लगेच झाला. नवा पर्याय मात्र सुरुवातीला कोणी वापरेचना. चौकशी केल्यावर कळलं की तो निवडला की त्या फेरीचा ड्रायव्हरचा इन्सेंटिव्ह कापला जात होता, आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ निवडला तर कापला जात नव्हता. कंत्राटदाराने ती कपात काढली, त्यानंतर यादीतला तो पर्याय दिसायला लागला.